दोन तुकड्या, दोन पद्धती, एक चिठ्ठी

एका शाळेत सहावीच्या दोन तुकड्या आहेत असे धरू. दोन्हींत तीस-तीस मुले. धडा भिन्नच्छेद अपूर्णांकांच्या बेरजेचा, जिथे बरीच मुले अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून मोकळी होतात. ‘अ’ तुकडीत नेहमीच्या रीतीने शिकवले गेले. आधी नियम सांगायचा, फळ्यावर दोन उदाहरणे सोडवून दाखवायची, मग वहीत दहा सोडवायला द्यायची. ‘ब’ तुकडीत मुलांनी कागदाच्या समान लांबीच्या पट्ट्या घड्या घालून दोन, तीन, चार, सहा भागांत विभागल्या, त्या संख्यारेषेवर मांडल्या आणि समान छेद का लागतो ते स्वतः शोधले. शिकवण्यापूर्वी २० गुणांची पूर्वचाचणी झाली, चार आठवड्यांनी तेवढ्याच गुणांची उत्तरचाचणी. ‘अ’ तुकडीची सरासरी ११ वरून १५ झाली, ‘ब’ तुकडीची ७ वरून १२.

आता प्रश्न असा की पट्ट्यांची पद्धत सरस ठरली का?

पहिला हिशेब कोणीही करील. ‘अ’ची वाढ ४ गुणांची, ‘ब’ची ५ गुणांची, म्हणजे पट्ट्यांची पद्धत १ गुणाने पुढे. दुसरा हिशेब थोडा वेगळा आहे. दोन्ही तुकड्यांतील मुलांचे गुण तपासले तर समजा असे दिसते की, पूर्वचाचणीत ज्याला १ गुण जास्त होता त्याला उत्तरचाचणीत सरासरीने ०.६ गुण जास्त मिळाला. ‘अ’ तुकडीकडे सुरुवातीलाच ४ गुणांची आघाडी होती. तिची उत्तरचाचणीतली किंमत झाली ४ गुणिले ०.६, म्हणजे २.४ गुण. ‘अ’ शेवटी ३ गुणांनी पुढे आहे. त्यातले २.४ जुन्या आघाडीचे वजा केले, तरी ०.६ गुण उरतात, आणि ते नेहमीच्या पद्धतीच्या बाजूने. शिक्षणशास्त्राच्या प्रबंधांत ‘अँकोव्हा’ या नावाने जे विश्लेषण येते, त्याचा गाभा एवढाच आहे.

तीच मुले, तेच गुण, आणि निष्कर्ष मात्र परस्परविरुद्ध. दोन्ही हिशेबांत आकडेमोडीची चूक नाही. आकडे येथे समजुतीसाठी घेतले असले, तरी पेच खरा आहे आणि त्याला नावही आहे. अमेरिकेतील ‘एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस’ या परीक्षासंस्थेतील मानसमापनतज्ज्ञ फ्रेडरिक लॉर्ड यांनी १९६७ साली अवघ्या काही पानांच्या लेखात तो मांडला. त्यांचे उदाहरण होते एका विद्यापीठाच्या भोजनगृहाचे. मुलामुलींची वजने सप्टेंबरात घेतली, पुन्हा जूनमध्ये घेतली. मुलांची सरासरी तेवढीच राहिली, मुलींचीही तेवढीच. एक संख्याशास्त्रज्ञ म्हणतो, जेवणाचा मुलामुलींवर काहीच वेगळा परिणाम नाही. दुसरा म्हणतो, सुरुवातीचे वजन सारखे असणारे मुलगा आणि मुलगी घेतली, तर मुलाचे वजन जूनमध्ये जास्त भरते, म्हणजे परिणाम वेगळा आहे. लॉर्ड यांचे म्हणणे असे होते की, दोन गट मुळातच वेगळे असतील तर त्यांची सुरुवातीची तफावत भरून काढणारी बिनधोक संख्याशास्त्रीय युक्ती नाही. हा पेच ‘लॉर्डचा विरोधाभास’ म्हणून ओळखला जातो.

दोन हिशेब वेगळे का बोलतात, हे समजून घेण्याजोगे आहे. प्रत्येकाने एका न घडलेल्या गोष्टीविषयी गृहीत धरलेले असते. वाढीचा हिशेब मानतो की, पट्ट्या आल्याच नसत्या तर दोन्ही तुकड्या सारख्याच गुणांनी वाढल्या असत्या. अँकोव्हा मानते की, ‘अ’मधील ११ गुणांचे मूल आणि ‘ब’मधील ११ गुणांचे मूल बाकी सर्व बाबतींत सारखे आहे. यांतले कोणते खरे, ते या १२० उत्तरपत्रिकांत कोठेही लिहिलेले नाही. त्यासाठी तुकड्या कशा पडल्या हे विचारावे लागते. महाराष्ट्रातल्या पुष्कळ शाळांत एक तुकडी सेमी इंग्रजीची असते, किंवा मागच्या वर्षीच्या गुणांवरून तुकड्या ठरतात. अशा ‘अ’ तुकडीतल्या मुलाच्या घरी शिकवणी लावलेली असण्याची शक्यता अधिक. ती तुकडी शाळेबाहेरही शिकत असते, आणि पट्ट्यांशी त्याचा काही संबंध नसतो.

या सगळ्या अडचणींची पद्धतशीर नोंद डोनाल्ड कॅम्पबेल आणि ज्युलियन स्टॅन्ली या दोघांनी केली. १९६३ साली अध्यापनावरील संशोधनाच्या एका मोठ्या संदर्भग्रंथात त्यांचे प्रकरण आले, १९६६ मध्ये ते स्वतंत्र पुस्तक म्हणून निघाले, आणि आजही एम.एड.च्या अभ्यासात येणारे ‘अभिकल्प’ बहुतांशी त्यांच्याच मांडणीवर उभे आहेत. त्यांनी सोळा अभिकल्प तपासले आणि प्रत्येकात निष्कर्ष कोठे फसू शकतो ते दाखवले. त्यांची विभागणी साधी होती. मुले गटांत चिठ्ठीने पडली असतील तर तो खरा प्रयोग. आधीच अस्तित्वात असलेल्या तुकड्या तशाच घेतल्या तर तो प्रयोगसदृश अभ्यास. आणि तुलनेला दुसरा गटच नसेल तर त्याला ते प्रयोगही म्हणायला तयार नव्हते.

या शेवटच्या प्रकाराची भुरळ मोठी असते. एका वर्गाची पूर्वचाचणी घेतली, नवी पद्धत वापरली, उत्तरचाचणी घेतली, गुण वाढले, पद्धत परिणामकारक ठरली. शाळेतील कृतिसंशोधनाचे अनेक अहवाल याच वाटेने जातात. पण महिनाभर शाळेत आलेली मुले काही ना काही शिकतातच. पूर्वचाचणी सोडवल्यानेही प्रश्नांची ओळख होते. मध्येच कोणी शिष्यवृत्तीच्या वर्गाला जाऊ लागतो. यापेक्षाही फसवे कारण आकड्यांच्या आत दडलेले असते, आणि त्यावर थोडे थांबायला हवे, कारण दोन गटांच्या अभ्यासातही तेच पुन्हा पुढे येते.

शिक्षक बहुधा मागे पडलेल्या मुलांसाठी उपाय शोधत असतो. समजा साठ मुलांची सरासरी ९ आहे आणि सर्वांत कमी गुणांची १५ मुले त्याने निवडली. त्यांची सरासरी ४. या १५ जणांत काही खरोखर कच्चे असतात, आणि काही त्या दिवशी आजारी होते, घाईत होते किंवा दोन प्रश्नांत नेमके अडखळले होते. दुसऱ्या वेळी ही दुसऱ्या प्रकारची मुले आपोआप वर येतात. किती वर येतात, याचा अंदाज बांधता येतो. दोन चाचण्यांतील सहसंबंध ०.६ असेल, तर सरासरीपासूनचे ५ गुणांचे अंतर ५ गुणिले ०.६, म्हणजे ३ गुणांवर येते. मुलांना काहीही न शिकवता त्यांची सरासरी ४ वरून ६ होते! फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ साली आईवडील आणि मुलांच्या उंचीत जे ‘सरासरीकडे परतणे’ दाखवून दिले, ते हेच. या दोन गुणांवर नव्या पद्धतीचा काडीचाही हक्क नाही. तरीही अहवालात ते तिच्याच खात्यावर जमा होतात.

आता दोन तुकड्यांकडे परत येऊ. ‘अ’ आणि ‘ब’ यांच्या सुरुवातीच्या सरासरीत ४ गुणांचे अंतर आहे, हे पाहून एखादा संशोधक सुचवील की सगळी मुले घेऊच नयेत. दोन्ही तुकड्यांतून सारख्या गुणांच्या जोड्या लावाव्यात. ११ गुणांचे एक मूल ‘अ’मधून, ११ गुणांचे एक ‘ब’मधून. असे बारा-पंधरा जोड मिळाले की दोन्ही गटांची सरासरी तंतोतंत सारखी दिसते, आणि प्रबंधात लिहिता येते की गट समान करून घेतले.

पण ते समान झालेले नसतात. ‘अ’ तुकडीची सरासरीच ११ आहे, म्हणून तिथले ११ गुणांचे मूल त्या तुकडीतले साधारण मूल आहे. दुसऱ्या चाचणीत ते ११च्या आसपासच राहील. ‘ब’ तुकडीची सरासरी ७ आहे. तिथे ११ गुण मिळवणाऱ्या मुलाचा तो दिवस चांगला गेला असण्याची शक्यता बरीच आहे. दुसऱ्या वेळी ते आपल्या तुकडीच्या सरासरीकडे झुकेल. ७ अधिक ४ गुणिले ०.६, म्हणजे ९.४. कोणतीही नवी पद्धत न वापरता, केवळ जोड्या लावल्यामुळे ‘ब’च्या मुलांवर १.६ गुणांचे कर्ज चढले. आणि हे १.६ गुण ओळखीचे आहेत. एका हिशेबात पट्ट्या १ गुणाने पुढे होत्या, दुसऱ्यात ०.६ गुणाने मागे. त्या दोन उत्तरांमधले अंतर बरोबर तेवढेच आहे.

ही चूक केवळ वर्गापुरती राहत नाही. गरीब घरांतील बालकांसाठी अमेरिकेत १९६५ मध्ये ‘हेड स्टार्ट’ हा पूर्वप्राथमिक कार्यक्रम सुरू झाला. १९६९ च्या वेस्टिंगहाऊस अहवालात त्याचे फळ फारसे दिसले नाही. त्या मूल्यमापनात कार्यक्रमातील मुलांची तुलना निवडून जुळवलेल्या इतर मुलांशी केली होती. कॅम्पबेल आणि अल्बर्ट एर्लबाकर यांनी १९७० मध्ये दाखवून दिले की, जास्त वंचित समूहातून आणि तुलनेने बऱ्या समूहातून मुले घेऊन जोड्या लावल्या की, सरासरीकडे परतण्याच्या या ओढीमुळे उपयोगी कार्यक्रमही निरुपयोगी, प्रसंगी अपायकारक भासू शकतो. ज्यांच्यासाठी मदत होती त्यांच्याच विरुद्ध मोजपट्टी झुकलेली असणे, ही गंभीर गोष्ट आहे. आपल्याकडे मागासलेल्या वस्तीतील शाळेत एखादा उपक्रम राबवून त्याची तुलना शहरातल्या बऱ्या शाळेशी केली जाते, तेव्हा हाच धोका जसाच्या तसा असतो.

यावर चिठ्ठी हा उपाय आहे, आणि तो किती सोपा आहे हे पाहिले की तो इतका कमी का वापरला जातो याचे आश्चर्य वाटते. साठही मुलांची पूर्वचाचणी घ्यायची. गुणांप्रमाणे उतरत्या क्रमाने यादी करायची. पहिली दोन मुले एक जोडी, पुढची दोन दुसरी जोडी, अशा तीस जोड्या. प्रत्येक जोडीसाठी नाणे उडवायचे. छापा पडला तर वरचे मूल पट्ट्यांच्या गटात आणि खालचे नेहमीच्या गटात, काटा पडला तर उलट. नाणे उडवणारी व्यक्ती शिकवणारी नसावी, आणि निकाल लागल्यावर एकाही मुलाची जागा बदलू नये. “हा पट्ट्यांत रमेल, याला इकडे घेऊ,” असे एकदा झाले की चिठ्ठीचे सगळे बळ गेले. येथेही जोड्या आहेत, पण त्या एकाच यादीतून लावलेल्या आहेत, दोन वेगळ्या समूहांतून नव्हेत. त्यामुळे परतण्याची ओढ दोन्ही गटांना सारखीच लागू होते.

साधी चिठ्ठी काढली, जोड्या लावल्या नाहीत, तरी चालते. फक्त सुरुवातीला थोडा फरक राहतो. गुणांचा पसारा, म्हणजे प्रमाण विचलन, ४ असेल तर तीस-तीसच्या गटांत नुसत्या योगायोगाने १ गुणाचा फरक सहज पडतो, २ गुणांचा साधारण वीस वेळांत एकदा, ४ गुणांचा जवळजवळ कधीच नाही. समजा पट्ट्यांचा गट ८.८ वरून १३.९ वर गेला आणि नेहमीचा गट ९.२ वरून १२.९ वर. वाढीचा हिशेब म्हणतो, फरक १.४ गुणांचा. अँकोव्हाप्रमाणे उत्तरचाचणीतील १ गुणाच्या आघाडीत सुरुवातीच्या ०.४ गुणाच्या पिछाडीचे ०.२४ मिळवायचे, म्हणजे १.२४. दोन्ही उत्तरे एकाच दिशेला आहेत आणि त्यांच्यात जेमतेम ०.१६ चे अंतर आहे. लॉर्डचा पेच येथे उभाच राहत नाही, कारण गटांत जो थोडा फरक आहे तो योगायोगाचा आहे आणि योगायोगाचे गणित माहीत आहे. शिकवणी, घरची परिस्थिती, सेमी इंग्रजी, गणिताची भीती, या न मोजलेल्या गोष्टीही चिठ्ठीने दोन्हीकडे वाटल्या जातात. पूर्वचाचणीला एवढे कधीच जमत नाही. ती फक्त मोजलेला फरक दाखवते.

मग चिठ्ठी काढल्यावर पूर्वचाचणी हवीच कशाला? कारण ती लहान अभ्यासाला मोठा करते. १.२४ गुणांचा फरक दिसला, पण त्यावर किती भरवसा ठेवायचा? केवळ उत्तरचाचणी पाहिली असती, तर अशा फरकाभोवती दोन्ही बाजूंना साधारण २.१ गुणांची अनिश्चितता असते. पूर्वचाचणी हिशेबात घेतली की ती १.६५ वर येते. शिक्षणसंशोधनात ही कमाई मोठी आहे आणि तिची किंमत फक्त एक तास. तरीही १.२४ मधून १.६५ वजा केले तर उत्तर शून्याखाली जाते. म्हणजे या साठ मुलांवरून पट्ट्यांची पद्धत २.९ गुणांनी सरस असू शकते आणि ०.४ गुणाने कमीही असू शकते. प्रामाणिक अहवालात हेच लिहिले पाहिजे. एवढा फरक खात्रीने पकडायचा, तर पूर्वचाचणीसह प्रत्येक गटात १०५ च्या आसपास मुले लागतात. पूर्वचाचणी नसेल तर साधारण १६५.

हे प्रमाण प्रत्यक्षात काय सांगते, ते मुंबईतल्या एका कामावरून कळते. ‘प्रथम’ या मुंबईत सुरू झालेल्या संस्थेने मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत ‘बालसखी’ उपक्रम चालवला. वस्तीतलीच एक तरुणी, जिचे बहुधा शालेय शिक्षण पूर्ण झालेले असे, मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना शाळेच्या वेळातले सुमारे दोन तास बाजूला बसवून वाचन आणि अंकओळख शिकवी. २००१ ते २००३ या काळात अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडन यांनी त्याचे मूल्यमापन केले. त्यांचा लेख २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २०१९ मध्ये बॅनर्जी आणि डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

त्या अभ्यासाच्या आखणीत शिकण्यासारखे बरेच आहे. चिठ्ठी मुलांसाठी न काढता शाळांसाठी काढली गेली. बडोद्यात काही शाळांना तिसरीसाठी बालसखी मिळाली आणि उरलेल्यांना चौथीसाठी, म्हणजे प्रत्येक शाळेला काहीतरी मिळाले आणि प्रत्येक शाळा दुसरीच्या तुलनेला उपयोगी पडली. कोणत्या मुलांना बालसखीकडे पाठवायचे हे शिक्षक ठरवत. म्हणून केवळ पाठवलेल्या मुलांचे आधीचे आणि नंतरचे गुण पाहिले असते, तर सरासरीकडे परतण्याची सगळी फसगत पदरी पडली असती. तुलना झाली ती बालसखी मिळालेल्या पूर्ण वर्गाची, न मिळालेल्या पूर्ण वर्गाशी. वर्षाच्या सुरुवातीला पूर्वचाचणी होती, शेवटी उत्तरचाचणी. उत्तरचाचणीला गैरहजर राहिलेल्या मुलांसाठी चमू पुन्हा पुन्हा शाळेत गेला आणि तरीही न सापडलेल्यांना घरी जाऊन गाठले. कारण कच्ची मुले एका गटातून जास्त गळाली, तर त्या गटाची सरासरी न शिकताच वाढते.

निकाल असा लागला की पहिल्या वर्षी गुण ०.१४ प्रमाण विचलनाने वाढले, दुसऱ्या वर्षी ०.२८ ने. फायदा मुख्यतः तळाच्या मुलांना झाला. उपक्रम संपल्यावर वर्षभराने त्यातले ०.१ च्या आसपास उरले होते. सहावीच्या त्या २० गुणांच्या चाचणीच्या भाषेत ०.२८ म्हणजे सुमारे १.१ गुण. जगभर ज्याचा दाखला दिला जातो, त्या उपक्रमाचा वर्षभराचा परिणाम एवढा. चार आठवड्यांत, साठ मुलांवर, याहून फार मोठा फरक एखादा अहवाल सांगत असेल, तर वाचकाने आधी त्याची आखणी तपासावी.

बालसखीच्या अभ्यासाकडे शंभराहून अधिक शाळा होत्या. दोन तुकड्यांच्या अभ्यासात एक अडचण अशी असते, जी चिठ्ठीनेही सहज सुटत नाही. पट्ट्या शिकवणाऱ्या बाई उत्साही असतील आणि नेहमीची पद्धत शिकवणारे सर निवृत्तीला टेकलेले असतील, तर मोजले जाते ते पद्धतीचे यश की बाईंचे? तुकड्या तशाच ठेवून फक्त “कोणत्या तुकडीला पट्ट्या” एवढ्यासाठी नाणे उडवणे, याला चिठ्ठीने केलेली वाटणी म्हणता येत नाही. साठ मुले दिसत असली तरी नाणे एकदाच उडाले, आणि तुकड्यांत आधीपासून असलेला फरक जिथल्या तिथे राहिला. यावरचा व्यवहार्य मार्ग म्हणजे मुले चिठ्ठीने वाटावीत आणि दोन्ही गटांना एकाच शिक्षकाने शिकवावे, तेही तासिका आलटून पालटून, म्हणजे एकाच गटाच्या वाट्याला रोज जेवणानंतरची सुस्त तासिका येणार नाही. पुढच्या धड्याला, समजा दशांश अपूर्णांकांना, गटांची अदलाबदल करावी. त्यामुळे दुसऱ्या बाजूची तपासणीही होते आणि कोणत्याच मुलावर अन्याय होत नाही. मधल्या सुट्टीत पट्ट्या एका गटातून दुसऱ्यात जाणारच. तेवढा फरक पुसट होतो, हे मान्य करून पुढे जावे.

चाचणीबाबत दोन गोष्टी सांभाळल्या तर बरेच साधते. समान काठिण्याच्या दोन प्रश्नपत्रिका कराव्यात आणि निम्म्या मुलांना आधी पहिली, निम्म्यांना आधी दुसरी द्यावी. म्हणजे उत्तरचाचणी सोपी निघाल्याचा आरोप राहत नाही. आणि तपासताना दोन्ही गटांच्या, शक्य तर दोन्ही वेळच्या, उत्तरपत्रिका नावे झाकून एकत्र मिसळाव्यात. शेवटी १९ किंवा २० गुण किती मुलांना मिळाले ते मोजावे. एका गटात तशी मुले भरपूर असतील तर चाचणीचे छत त्यांच्या डोक्याला लागले आहे, आणि त्या गटाची वाढ आहे त्यापेक्षा कमी दिसते. आपल्या उदाहरणात ११ वरून सुरुवात करणाऱ्या ‘अ’ तुकडीला वर जायला ९ गुणांचीच जागा होती, ‘ब’ तुकडीला १३ गुणांची.

विश्लेषणातली सर्वांत पसरलेली चूक मात्र वेगळीच आहे. प्रायोगिक गटाच्या पूर्व आणि उत्तरचाचणीवर एक टी चाचणी लावली जाते, नियंत्रित गटावर दुसरी. पहिल्यात फरक सार्थक निघाला आणि दुसऱ्यात नाही, की पद्धत सिद्ध झाली असे लिहिले जाते. एका गटाचा निकाल सार्थकतेच्या रेषेच्या किंचित अलीकडे आणि दुसऱ्याचा किंचित पलीकडे पडला, तरी त्या दोन गटांत फरक जवळजवळ नसतोही. प्रश्न दोन गटांमधल्या फरकाचा असेल तर आकडाही त्या फरकाचाच हवा, त्याच्या अनिश्चिततेसह. एवढी एक गोष्ट मार्गदर्शकांनी आग्रहाने पाहिली, तरी पुष्कळ प्रबंधांचे निष्कर्ष बदलतील.

मुख्याध्यापक तुकड्या मोडायला तयार नसतील तर? तेव्हाही करण्यासारखे काही उरते. पूर्वचाचणी दोनदा घ्यावी, महिन्याच्या अंतराने, दोन्ही वेळा नव्या पद्धतीच्या आधी. त्या महिन्यात ‘अ’ तुकडी ‘ब’पेक्षा वेगाने वाढत असल्याचे दिसले, तर वाढीच्या हिशेबाचे गृहीतक तिथेच कोसळते. दोन्ही सारख्या गतीने वाढल्या, तर त्या हिशेबाला निदान एक आधार मिळतो. मग दोन्ही विश्लेषणे करावीत आणि दोन्ही छापावीत. दोघांचे उत्तर एकाच बाजूला पडले तर निष्कर्ष बऱ्यापैकी टिकाऊ. विरुद्ध पडले तर एवढेच लिहावे की, या अभ्यासातून पद्धतींची तुलना होऊ शकली नाही. तसे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण कापले जाऊ नयेत.

आणि एकट्या शाळेने साठ मुलांवर खात्री शोधत बसण्यापेक्षा चार शाळांतल्या शिक्षकांनी हातमिळवणी करावी. तोच धडा, त्याच दोन प्रश्नपत्रिका, तेच चार आठवडे. प्रत्येक शाळेने आपल्या साठ मुलांत स्वतंत्र चिठ्ठी काढावी, फरक आपल्या शाळेतल्या शाळेत काढावा आणि मग चारही फरक एकत्र करावेत. प्रत्येक पद्धतीकडे १२० मुले होतात. १.२४ गुणांचा फरक खरा की योगायोगाचा, हे सांगायला १०५ पुरेशी होती. केंद्रस्तरावरच्या शिक्षण परिषदेत शिक्षक एरवीही भेटतातच. पुढच्या भेटीत एक नाणे आणि चार हजेरीपट सोबत न्यावेत.